२२,८२१.४०: निवडणूक निकालाच्या आठवड्यातले तीन ऑप्शन व्यवहार

शुक्रवार, ३१ मे २०२४. निफ्टी २२,५३०.७० वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी लोकसभेच्या मतदानाचा शेवटचा टप्पा होता आणि त्याच संध्याकाळी एक्झिट पोल येणार होते. मतमोजणी मंगळवारी, ४ जूनला होती आणि निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनची एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपण्याचा दिवस, गुरुवारी, ६ जूनला. पुढच्या चार सत्रांत काय झालं ते बाजारात असलेल्या कुणाच्याही लक्षात असेल. सोमवारी २३,२६३.९०, मंगळवारी दिवसभरात २१,२८१.४५ पर्यंत घसरण आणि बंद २१,८८४.५०, बुधवारी २२,६२०.३५, गुरुवारी २२,८२१.४०.

पुट म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क आणि कॉल म्हणजे ठरलेल्या भावाला घेण्याचा हक्क. प्रोटेक्टिव्ह पुट, कव्हर्ड कॉल आणि स्ट्रॅडल शिकायला मला या आठवड्याइतकं चांगलं प्रकरण दुसरं सापडलेलं नाही. पुस्तकातल्या आकृतीत एक्स्पायरीच्या दिवशीचा नफा-तोटा सरळ रेषांनी काढलेला असतो. तिथपर्यंत पोहोचताना काय काय सोसावं लागतं, हे ती आकृती दाखवत नाही. इथे दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात दिसतात.

आधी एक खुलासा. निफ्टीचे आकडे खरे आहेत. माणसं मी कल्पिलेली आहेत आणि ऑप्शनचे प्रीमियम, म्हणजे त्या हक्कांच्या किमती, गृहीत धरलेले आहेत. त्या आठवड्यातली अस्थिरता, म्हणजे वर्षाला साधारण तीस टक्के, धरून हिशेबाला सोपे असे गोल आकडे घेतले आहेत. दलाली आणि कर बाजूला ठेवले आहेत. निफ्टीचा लॉट, म्हणजे एका व्यवहारातली किमान संख्या, तेव्हा २५ चा होता. नंतर तो बदलला आणि साप्ताहिक एक्स्पायरीचा वारही बदलला, त्यामुळे आज हाच हिशेब करताना ते दोन आकडे आधी तपासून घ्यावेत.

प्रकरण असं. एका ताईंकडे निफ्टीवर चालणाऱ्या इंडेक्स ईटीएफची ५,६३,२६७.५० रुपयांची युनिट्स आहेत. म्हणजे बरोबर २५ गुणिले २२,५३०.७०, एका लॉटइतकी. घराचा शेवटचा हप्ता ५,४०,००० रुपयांचा आहे आणि तो सोमवारी, १० जूनला भरायचा आहे. युनिट्स गुरुवारी ६ जूनला विकायची, पैसे शुक्रवारी खात्यात येतील, सोमवारी बिल्डरला द्यायचे, असा बेत आहे. त्यांचा धाकटा भाऊ ऑप्शनमध्ये व्यवहार करतो. त्याच्याकडे युनिट्स नाहीत, हाताशी थोडे मोकळे पैसे आहेत.

"ताई, पुट घेऊन पैसे कशाला घालवतेस? त्यापेक्षा कॉल विक, उलट तुलाच पैसे येतील."

"येतील रे. पण मंगळवारी बाजार कोसळला तर त्या पैशांनी हप्ता पुरा होईल का, ते सांग."

या प्रकरणातला मुख्य प्रश्न ताईंनी विचारला तोच आहे, आणि त्याचं उत्तर आकड्यांतच मिळतं.

पुट: किती खाली गेलं तर चालेल, तिथून सुरुवात

बहुतेक जण पुट निवडताना प्रीमियम किती स्वस्त आहे ते आधी बघतात. ताईंनी उलट्या बाजूने सुरुवात करायला हवी. हप्ता ५,४०,००० आहे. त्याला २५ ने भागलं की २१,६०० येतात. म्हणजे सगळा खर्च वजा जाता निफ्टीमागे किमान २१,६०० हातात पडले पाहिजेत. ही त्यांची खरी तळरेषा.

आता दोन पुट बघू. २२,५०० च्या स्ट्राइकचा, म्हणजे ठरलेल्या भावाचा, पुट ३२० रुपयांना आहे. तो घेतला तर बाजार कितीही पडो, २२,५०० वजा ३२०, म्हणजे २२,१८० हातात राहतात. २२,००० चा पुट १५० रुपयांना आहे. त्यात २२,००० वजा १५०, म्हणजे २१,८५० राहतात. ताईंना लागतात २१,६००. दुसरा पुट पुरेसा आहे आणि खर्च निम्म्याहून कमी आहे. पहिल्यासाठी २५ गुणिले ३२०, म्हणजे ८,००० मोजावे लागले असते. दुसऱ्याला ३,७५० लागतात.

तर ताई २२,००० चा एक लॉट पुट घेतात. हाच प्रोटेक्टिव्ह पुट. एक्स्पायरीला त्यांचा हिशेब दोनच प्रकारे होऊ शकतो. निफ्टी २२,००० च्या वर बंद झाला तर पुटची किंमत शून्य. युनिट्सचा जो नफा किंवा तोटा असेल त्यातून १५० वजा. निफ्टी २२,००० च्या खाली बंद झाला तर जितका खाली जाईल तितकी भरपाई पुट देतो, त्यामुळे तोटा एका जागी गोठतो. तो तोटा किती? २२,५३०.७० आणि २२,००० मधला फरक ५३०.७०, अधिक १५०. म्हणजे ६८०.७०, लॉटला १७,०१७.५०. ना नफा ना तोटा अशी पातळी २२,६८०.७०, कारण प्रीमियम भरून निघायला निफ्टीने आधी १५० चढायला हवं. वरच्या बाजूला नफ्याला मर्यादा नाही.

६ जूनला निफ्टी २२,८२१.४० वर बंद झाला. युनिट्स २९०.७० ने वर, पुट शून्य, १५० खर्च. निव्वळ १४०.७०, लॉटला ३,५१७.५०. हप्ता भरून पैसे उरले.

इथे एक बारकावा आहे. समजा एक्स्पायरी मंगळवारीच असती आणि निफ्टी २१,८८४.५० वर बंद झाला असता. नुसती युनिट्स धरणाऱ्याचा तोटा ६४६.२० झाला असता आणि पुट घेतलेल्या ताईंचा ६८०.७०. सहा टक्के घसरणीच्या दिवशी, संरक्षण असूनही, ताई थोड्या जास्त तोट्यात! कारण पुटने आपला खर्च भरून काढायला निफ्टी २१,८५० च्या खाली जावा लागतो. त्याच्यावर पुट म्हणजे नुसता खर्च, त्याच्या खाली आधार. विम्याचा हप्ता परत मिळत नाही म्हणून कुणी विमा वाया गेला असं म्हणत नाही, पण पुटच्या बाबतीत लोक हमखास म्हणतात. ताईंनी पुट घेतला तो नफ्यासाठी नव्हता. ५,४६,२५० च्या खाली जायचं नाही, यासाठी होता.

कॉल: निकालाने शहाणा ठरलेला व्यवहार

भावाचा सल्ला होता २३,००० चा कॉल विकण्याचा. हातात युनिट्स ठेवून असा कॉल विकणं म्हणजेच कव्हर्ड कॉल. प्रीमियम १७० धरू. लॉटला ४,२५० रुपये लगेच जमा.

कॉल विकणं म्हणजे २३,००० च्या वरची सगळी वाढ दुसऱ्याला देऊन टाकणं. त्यामुळे एक्स्पायरीचा नफा एका ठिकाणी थांबतो. २२,५३०.७० पासून २३,००० पर्यंतचे ४६९.३० आणि प्रीमियमचे १७० मिळून ६३९.३०, लॉटला १५,९८२.५०. निफ्टी २५,००० ला गेला तरी एवढेच. खाली मात्र फक्त १७० ची उशी आहे. ना नफा ना तोटा २२,३६०.७० वर, आणि तिथून खाली प्रत्येक अंकाचा तोटा पुरा सोसावा लागतो.

६ जूनचा निकाल: युनिट्सचे २९०.७०, कॉल निकामी झाल्यामुळे पूर्ण १७०. एकूण ४६०.७०, लॉटला ११,५१७.५०. तिन्ही व्यवहारांत हा सर्वांत जास्त नफा. भावाचं म्हणणं खरं ठरलं, असं कुणालाही वाटेल.

मला ते मान्य नाही. ताईंची तळरेषा ५,४०,००० ची आहे. कॉल विकल्यावर ती सांभाळायला निफ्टी २१,४३० च्या वर राहायला हवा, कारण २५ गुणिले २१,४३० अधिक ४,२५० बरोबर ५,४०,०००. मंगळवारी निफ्टी २१,२८१.४५ पर्यंत गेला होता. त्या क्षणी ताईंची युनिट्स ५,३२,०३६.२५ ची होती. विकलेला कॉल पूर्ण फुकट गेला असं धरून प्रीमियम मिळवला तरी ५,३६,२८६.२५, म्हणजे हप्त्याला ३,७१३.७५ कमी. आणि बाजार तिथेच थांबेल असं कोणत्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. कव्हर्ड कॉलने ताईंना वाचवलं नाही. बाजार परत वर आला म्हणून त्या वाचल्या असत्या.

कव्हर्ड कॉल वाईट नाही. ज्याला युनिट्स विकायची घाई नाही, २३,००० ला विकायला जो राजी आहे आणि खाली गेलं तर जो थांबू शकतो, त्याला तो शोभतो. ताई थांबू शकत नव्हत्या.

व्यवहारातली एक अडचणही सांगायला हवी. निफ्टीचा ऑप्शन रोखीने मिटतो. ईटीएफची युनिट्स हातात असली तरी एक्स्चेंज विकलेल्या कॉलला त्यांनी झाकलेला मानत नाही. मार्जिन, म्हणजे हमी म्हणून ठेवायची रक्कम, पूर्ण लागतं. मार्जिनसाठी युनिट्स तारण ठेवता येतात, पण मग ठरलेल्या गुरुवारी ती विकण्याआधी तारण सोडवावं लागतं. दहा तारखेला हप्ता असताना त्यात गेलेला एखादा दिवसही महागात पडू शकतो. एखाद्या कंपनीच्या शेअरवर कॉल विकला असेल तर चित्र वेगळं असतं. शेअरचे ऑप्शन २०१९ पासून प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन मिटतात, त्यामुळे डीमॅटमधले शेअर देऊन मोकळं होता येतं.

स्ट्रॅडल: दोन्ही कड्यांपलीकडे जाऊन परत मध्ये

भावाने स्वतःसाठी वेगळा व्यवहार केला. निकाल कोणत्या बाजूने लागेल ते सांगता येणार नाही, पण बाजार जोरात हलणार हे नक्की, असं त्याचं गणित. म्हणून २२,५०० चा कॉल ३८० ला आणि २२,५०० चा पुट ३२० ला, दोन्ही विकत घेतले. एकूण ७००, लॉटला १७,५००.

एक्स्पायरीला स्ट्रॅडलचा हिशेब एका ओळीचा आहे. निफ्टी २२,५०० पासून किती लांब बंद झाला ते बघायचं, मग ते वर असो की खाली, आणि त्यातून ७०० वजा करायचे. म्हणजे वर २३,२०० च्या पुढे किंवा खाली २१,८०० च्या मागे बंद झाला तरच नफा. बरोबर २२,५०० वर बंद झाला तर पूर्ण १७,५०० गेले. नुकसान याहून जास्त होऊ शकत नाही.

आता आठवडा बघा. सोमवारी बंद २३,२६३.९०. वरची कड पार झाली. कॉलची नुसती आंतरिक किंमत, म्हणजे निफ्टी आणि स्ट्राइकमधला फरक, ७६३.९०, शिवाय पुटमध्येही थोडा जीव शिल्लक. मंगळवारी २१,२८१.४५. खालची कडही पार झाली, आणि चांगलीच. त्या क्षणी पुटची आंतरिक किंमत १,२१८.५५, लॉटला ३०,४६३.७५. १७,५०० घातलेल्या माणसाला. बुधवारी निफ्टी २२,६२०.३५ वर आला आणि कॉलमध्ये १२०.३५ एवढीच आंतरिक किंमत उरली. गुरुवारी २२,८२१.४० वर एक्स्पायरी. कॉलचे ३२१.४० मिळाले, पुट शून्य. ७०० मधून ३२१.४० गेले, उरला तोटा ३७८.६०. लॉटला ९,४६५ रुपये.

बाजार एका दिवसात जवळजवळ सहा टक्के पडला, त्याच्या आदल्या दिवशी सव्वातीन टक्के चढला होता, आणि "बाजार जोरात हलेल" यावर पैसे लावणारा तोट्यात गेला. हे समजलं की स्ट्रॅडल समजला. एक्स्पायरीपर्यंत धरलेला स्ट्रॅडल हालचालीचे पैसे देत नाही, तो शेवटच्या अंतराचे पैसे देतो. वर-खाली कितीही झालं तरी मोजमाप होतं ते फक्त एका आकड्याने, एक्स्पायरीच्या दिवशीच्या बंद भावाने. तो भावसुद्धा शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवरून काढतात, त्यामुळे शेवटच्या मिनिटातला एखादा झटकाही फारसा उपयोगाचा नसतो. शुक्रवारी ७ जूनला निफ्टी २३,२९०.१५ वर बंद झाला, म्हणजे वरच्या कडेच्या पुन्हा पलीकडे. भावाचे ऑप्शन एक दिवस आधी संपलेले होते.

भावाचा व्यवहार चुकीचा होता का? ७०० हा आकडा बघा. २२,५३० च्या निफ्टीवर तो सुमारे ३.१ टक्के होतो. म्हणजे गुरुवारपर्यंत निफ्टी सरासरी एवढाच सरकेल, हे बाजाराने आधीच किमतीत धरलेलं होतं. निकालाच्या दिवशी हलणार हे साऱ्यांनाच माहीत होतं, म्हणून त्याची किंमतही पूर्ण लावलेली होती. स्ट्रॅडल घेणाऱ्याला "बाजार हलेल" एवढं बरोबर असून भागत नाही. धरलेल्यापेक्षा जास्त हलेल आणि हललेला तिथेच राहील, हेही बरोबर ठरावं लागतं. भावाचा पहिला अंदाज बरोबर होता, दुसरा चुकला. त्याने आधीच, समजा, "दोन्हीची मिळून किंमत १,१०० झाली की विकून मोकळं व्हायचं" असं ठरवलं असतं, तर मंगळवारी दुपारी तो नफ्यात बाहेर पडला असता. पण तो मग एक्स्पायरीचा हिशेब राहत नाही, मधल्या किमतीचा होतो, आणि तो वेगळ्या आकृतीने मोजावा लागतो.

एका नजरेत

निफ्टी वेगवेगळ्या पातळ्यांवर एक्स्पायर झाला असता तर काय झालं असतं, ते लॉटमागे रुपयांत:

| एक्स्पायरीला निफ्टी | नुसती युनिट्स | युनिट्स + पुट | युनिट्स + विकलेला कॉल | स्ट्रॅडल |
|---|---|---|---|---|
| २१,२८१.४५ | −३१,२३१.२५ | −१७,०१७.५० | −२६,९८१.२५ | +१२,९६३.७५ |
| २१,८८४.५० | −१६,१५५.०० | −१७,०१७.५० | −११,९०५.०० | −२,११२.५० |
| २२,५००.०० | −७६७.५० | −४,५१७.५० | +३,४८२.५० | −१७,५००.०० |
| २२,८२१.४० | +७,२६७.५० | +३,५१७.५० | +११,५१७.५० | −९,४६५.०० |
| २३,२६३.९० | +१८,३३०.०० | +१४,५८०.०० | +१५,९८२.५० | +१,५९७.५० |

२२,५०० आणि २२,८२१.४० च्या ओळींत कव्हर्ड कॉल सगळ्यांच्या पुढे दिसतो, कारण बाजार जागच्या जागी राहिला की त्याचं फावतं. सगळ्यात वरची ओळ वाचल्याशिवाय तो निवडू नये.

दोन गोष्टी ज्या तक्त्यात दिसत नाहीत

पहिली. युनिट्स असलेल्या ताईंनीही भावासारखा स्ट्रॅडल घेतला असता तर? दिसायला दुहेरी फायदा वाटतो, खाली पुट कमावेल आणि वर कॉल कमावेल. हिशेब करून बघा. २२,५०० च्या खाली निफ्टी जितका पडेल तितकाच पुट देईल, पण तेवढंच युनिट्स गमावतील. दोन्ही एकमेकांना खातात, आणि खाली कितीही गेलं तरी तोटा ७३०.७० वर गोठतो. म्हणजे पडण्यातून कमाई शून्य. ताईंच्या हातात तो स्ट्रॅडल राहतच नाही. तो एक महागडा प्रोटेक्टिव्ह पुट आणि वर एक जादा कॉल होतो. व्यवहाराचं नाव तेच, पण आधीपासून हातात काय आहे त्यावर त्याचा नफा-तोटा पूर्ण बदलतो. तयार आकृत्या डोळे झाकून वापरणारे इथेच फसतात.

दुसरी गोष्ट मंगळवारच्या दुपारची. निफ्टी २१,२८१ ला असताना ताईंचा १५० चा पुट आंतरिक किमतीनेच ७१८.५५ चा झाला होता. तेव्हा भावाचा फोन आला असता, "ताई, पुट विकून टाक, चौपटीहून जास्त झालाय," तर? मागे वळून बघता ते फायद्याचं ठरलं असतं. पुटचे ५६८.५५ आणि गुरुवारपर्यंत युनिट्सचे २९०.७० मिळून ८५९.२५, लॉटला २१,४८१.२५. पण त्या क्षणी पुट विकणं म्हणजे पुढच्या दोन दिवसांसाठी युनिट्स उघडी टाकणं. पुटचे पैसे धरून हिशेब केला तर निफ्टी २१,०३१ च्या खाली एक्स्पायर झाला असता तर हप्ता अपुरा पडला असता. ती पातळी तेव्हा जेमतेम अडीचशे अंक खाली होती. पुट विकायचाच असेल तर युनिट्सही त्याच वेळी विकून पैसे मोकळे करायचे. मग काही उघडं राहत नाही. दोन्ही एकदम विकले असते तर ताईंच्या हातात किमान ५,४६,२५० पडले असते, म्हणजे पुटची पूर्ण हमी, एक्स्पायरीच्या दोन दिवस आधी. पुटमध्ये तेव्हा वेळेची किंमतही शिल्लक होती, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून थोडे जास्तच.

आणि स्ट्रॅडल ज्याने भावाला विकला, त्याचं काय झालं? गुरुवारी त्याचा नफा ९,४६५ रुपये. मंगळवारी दुपारी मात्र तो लॉटमागे किमान १२,९६३.७५ च्या तोट्यात होता, अस्थिरता वाढल्यामुळे खरं तर त्याहून जास्त. त्याचं मार्जिन पुरलं असेल तरच तो गुरुवारपर्यंत पोहोचला. ज्याच्या खात्यात जादा रक्कम नव्हती, त्याची पोझिशन ब्रोकरने मंगळवारीच कापली असणार, आणि त्याच्यासाठी २२,८२१.४० या आकड्याला काहीच अर्थ उरला नाही. विकत घेणाऱ्याला सगळे पैसे आधीच मोजावे लागतात म्हणून तो शेवटपर्यंत टिकतो. विकणाऱ्याने स्ट्रॅडल विकताना मिळणारा प्रीमियम जितका बारकाईने बघितला, तितक्याच बारकाईने आधी हे काढायला हवं की २१,२८१ वर आपल्या खात्यात किती रोकड लागेल.